तीन पत्रकं जोडली, पण ताळेबंद जुळत नाही: फरक कुठे शोधायचा?

शिरोली_शॉप

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. कास्टिंग विकत घेऊन मशिनिंग करतो आणि तयार पार्ट पुरवतो. यंदा एक व्हीएमसी आणि एक सीएनसी लेथ मिळून ६० लाखांची मशिनरी घ्यायची आहे, त्यातल्या ४५ लाखांसाठी बँकेकडे टर्म लोन मागितलंय. बँकेला पुढच्या तीन वर्षांचे अंदाज हवेत: नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि कॅश फ्लो, तिन्ही एकमेकांशी जोडलेले. सीए साहेब म्हणाले, आधी तू कच्चं कर, मग मी बघतो.

एक्सेलमध्ये तीन शीट केल्या: PL, BS आणि CF. ताळेबंदातली रोकड कॅश फ्लोच्या शेवटच्या ओळीतून येते, राखीव निधीत नफा-तोट्यातला निव्वळ नफा मिळतो. हाताने टाकलेला आकडा कुठेच नाही. तरीही मालमत्तेची बेरीज देण्यांपेक्षा कमी येते. पहिल्या वर्षी ९ लाखांनी, दुसऱ्या वर्षी १९ लाखांनी, तिसऱ्या वर्षी २७ लाखांनी.

ताळेबंद देतो, आकडे लाखांत आहेत.

| | मार्च २०२५ (ऑडिट झालेला) | मार्च २०२६ (अंदाज) |
|---|---|---|
| मशिनरी व इमारत, घसारा वजा जाता | १८० | २०५ |
| माल साठा | ६० | ६८ |
| येणी | ९० | १०५ |
| रोकड व बँक | १० | २० |
| एकूण मालमत्ता | ३४० | ३९८ |
| भाग भांडवल | ५० | ५० |
| राखीव निधी | ११० | १४६ |
| टर्म लोन | ८० | १०५ |
| कॅश क्रेडिट | ६० | ६० |
| मालाची देणी | ४० | ४६ |
| एकूण देणी व भांडवल | ३४० | ४०७ |

विक्री ६०० लाख धरली आहे, करानंतरचा नफा ३६ लाख, घसारा ३० लाख. जुना लेथ विकायचा आहे. पुस्तकात त्याची किंमत ५ लाख उरली आहे, गिऱ्हाईक ८ लाख देतंय. टर्म लोनचे जुने हप्ते २० लाख फिटतील आणि नवीन ४५ लाख येतील.

फाइल पुढच्या आठवड्यात द्यायची आहे. दोन दिवस एकेक फॉर्म्युला तपासतोय, कुठे अडलंय ते दिसत नाही.

---

दत्ता७२

फरकाला ९ ने भाग जातो का ते आधी बघायचं. आमच्या वेळी हाताने खतावणी लिहिताना हाच नियम होता. ९ ने भाग गेला की समजायचं, कुठेतरी आकड्यांची उलटापालट झाली आहे, ५४ च्या जागी ४५ लिहिलं गेलंय. तुमचा पहिला फरक ९ आणि तिसरा २७. दोन्हींना ९ ने भाग जातो. ऑडिट रिपोर्टमधून आकडे उतरवताना उलटे पडले असणार. मूळ प्रतीशी ताडून बघा.

दुसरा नियम, फरकाची निम्मी रक्कम शोधायची. तेवढ्याच रकमेची नोंद उलट्या बाजूला पडलेली असते.

---

शिरोली_शॉप

दत्ताकाका, ऑडिट रिपोर्टशी ताडून पाहिलं, सगळे आकडे बरोबर आहेत. मार्च २०२५ चा ताळेबंद ३४० ला ३४० जुळतोच. ९ ची निम्मी रक्कम साडेचार होते, आणि साडेचार लाखांची नोंद कुठेच नाही.

---

अनुजा_क

९ चा नियम इथे लागू पडायचा नाही. हाताने आकडा उतरवला तरच तो उलटा पडतो. इथे पुढच्या वर्षांचा प्रत्येक आकडा फॉर्म्युल्यातून येतोय आणि सुरुवातीचा ताळेबंद जुळलेला आहे. शिवाय मधल्या वर्षाच्या १९ ला ९ ने भाग जात नाही. निम्म्याचा नियम मात्र दत्ताकाकांचा अगदी खरा आहे, तो वापरायची जागा तेवढी वेगळी आहे.

तुम्ही फरकाकडे बघताय. त्याऐवजी फरक दरवर्षी किती वाढला ते बघा. ताळेबंद ही साचत जाणारी गोष्ट आहे. पहिल्या वर्षी रोकड चुकली की तीच चुकलेली रोकड दुसऱ्या वर्षाची सुरुवात होते, म्हणून जुना फरक जसाच्या तसा पुढे येतो. दुसऱ्या वर्षात नवीन काय बिघडलं ते १९ मधून कळणार नाही, ते १९ वजा ९ मधून कळेल.

तुमची वाढ अशी आहे: पहिल्या वर्षी ९, दुसऱ्या वर्षी १०, तिसऱ्या वर्षी ८. आता यांची निम्मी करा: साडेचार, ५ आणि ४. दुसऱ्या वर्षी ५ लाखांनी आणि तिसऱ्या वर्षी ४ लाखांनी वाढलेली ओळ ताळेबंदात कुठली आहे?

---

शिरोली_शॉप

देणी! मालाची देणी ४६ वरून ५१ होतात आणि मग ५५. म्हणजे दुसऱ्या वर्षी ५, तिसऱ्या वर्षी ४. पण पहिल्या वर्षी ती ६ ने वाढतात. तिथे साडेचार कसे आले?

---

अनुजा_क

पहिल्या वर्षाचं नंतर बघू. आधी कॅश फ्लोमधली देण्यांची ओळ इथे टाका. फॉर्म्युला जसा आहे तसाच द्या.

---

शिरोली_शॉप

येणी, साठा आणि देणी या तीन ओळी अशा आहेत. पहिली लिहून बाकी दोन तिच्यावरूनच लिहिल्या होत्या:

```
=BS!C7-BS!D7
=BS!C6-BS!D6
=BS!C16-BS!D16
```

C म्हणजे मार्च २०२५, D म्हणजे मार्च २०२६.

---

अनुजा_क

मिळालं. येणी आणि साठा मालमत्तेच्या बाजूला आहेत. ती वाढली की पैसा अडकतो, म्हणून मागचं वर्ष वजा हे वर्ष, हे तिथे बरोबर आहे. देणी पलीकडच्या बाजूला आहेत. कास्टिंगवाल्याचे पैसे उशिरा दिले तर तेवढी रोकड तुमच्याकडे राहते, म्हणून तिथे हे वर्ष वजा मागचं वर्ष असं हवं. ६ लाख मिळायच्या ऐवजी तुमच्या शीटमध्ये ६ लाख गेले, म्हणून रोकड १२ लाखांनी कमी दिसते. चिन्ह उलटं पडलं की फरक दुप्पट येतो. काकांचा निम्म्याचा नियम इथे कामाला येतो तो यामुळेच.

```
=BS!D16-BS!C16
```

एवढं करून तिन्ही वर्षांचा फरक सांगा. दुसरं काही बदलू नका. एका वेळी एकच बदल, मग परत फरक बघायचा.

---

शिरोली_शॉप

केलं. आता उलटीकडून फरक येतोय. मालमत्ता ३ लाखांनी जास्त आहे. पहिल्या वर्षी ३, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षीही ३.

---

दत्ता७२

म्हणजे पहिल्या वर्षी १२ कमी आणि ३ जास्त, मिळून ९ दिसत होते. दोन चुका एकमेकींत मिसळल्या होत्या, आणि मी ९ च्या मागे लागलो. पटलं.

आता ३ च राहिलेत तर ते 'इतर देणी' मध्ये टाकून पुढे चला. ४०७ लाखांच्या ताळेबंदात ३ लाख बँक बघत नाही. वेळ थोडा आहे.

---

पासबुक

दत्ताराव, इथे मी स्पष्ट विरोध करतो. तीस वर्षं बँकेत कर्जप्रस्ताव पाहिले आहेत. मागच्या वर्षी शून्य असलेली 'इतर देणी' अंदाजात अचानक ३ लाख झाली आणि पुढची सगळी वर्षं ३ लाखच राहिली, तर ती ओळ पहिल्यांदा डोळ्यात भरते. कोणाची देणी, असं विचारलं की उत्तर नसतं, आणि मग प्रस्तावातल्या बाकीच्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. शिवाय आकडा छापून दडवला की उद्या विक्री बदलली तर फरक परत उघडा पडेल आणि तेव्हा तो शोधणं आणखी अवघड जाईल.

---

अनुजा_क

पासबुक काकांशी सहमत. आणि हे ३ लाख बरंच काही सांगतायत. तिन्ही वर्षं तेवढेच राहिले, म्हणजे पहिल्याच वर्षी एकदा घडलेल्या आणि पुन्हा न घडलेल्या व्यवहारात गडबड आहे. तुमच्याकडे असा व्यवहार कुठला?

अंदाज बांधण्यापेक्षा एक पद्धत सांगते, ती मी प्रत्येक फाइलला लावते. कॅश फ्लो हे वेगळं पत्रक वाटतं खरं, पण ते दोन ताळेबंदांमधला फरकच आहे, वेगळ्या क्रमाने मांडलेला. त्यामुळे रोकड सोडून ताळेबंदातल्या प्रत्येक ओळीचा बदल कॅश फ्लोमध्ये पूर्ण आणि एकदाच यायला हवा. ताळेबंदाच्या शेजारी दोन रिकामे रकाने घ्या. पहिल्यात त्या ओळीचा बदल लिहा, दुसऱ्यात त्या ओळीमुळे कॅश फ्लोमध्ये आलेल्या नोंदींची बेरीज. जिथे दोन्ही जुळत नाहीत, ती ओळ चुकली.

तुमच्या मशिनरीच्या ओळीवर करून दाखवते. १८० चे २०५ झाले, म्हणजे २५ ची वाढ. मालमत्ता २५ ने वाढली तर कॅश फ्लोमध्ये तिच्या सगळ्या नोंदी मिळून उणे २५ यायला हव्यात. तुमच्याकडे या ओळीशी संबंध असलेल्या कुठकुठल्या नोंदी आहेत?

---

शिरोली_शॉप

नवीन मशिनरी उणे ६०. घसारा अधिक ३०. जुन्या लेथचे आलेले पैसे अधिक ८. बेरीज उणे २२.

३ चा फरक इथेच आहे.

---

अनुजा_क

बरोबर. लेथची पुस्तकी किंमत ५, आले ८, म्हणून ३ लाखांचा नफा तुमच्या नफा-तोटा पत्रकात 'इतर उत्पन्न' म्हणून बसलाय. त्या पत्रकातून कॅश फ्लोमध्ये जो ३६ चा नफा आला, त्यात हे ३ आधीच आहेत. खाली गुंतवणुकीच्या भागात पूर्ण ८ पुन्हा आले. म्हणजे लेथचे ११ लाख मिळाल्यासारखं झालं.

नफ्यातून सुरुवात करताना घसारा परत मिळवतो, तसाच हा विक्रीवरचा नफा वजा करायचा. मग बेरीज होते उणे ६०, अधिक ३०, अधिक ८, उणे ३, म्हणजे उणे २५. आता कॅश फ्लो असा दिसेल: नफा ३६, घसारा ३०, विक्रीवरचा नफा उणे ३, येणी उणे १५, साठा उणे ८, देणी अधिक ६, म्हणजे धंद्यातून ४६. मशिनरीवर निव्वळ उणे ५२. टर्म लोनमधून निव्वळ अधिक २५. वर्षाची वाढ १९, रोकड १० ची २९.

---

शिरोली_शॉप

२९ आली. दोन्ही बाजू ४०७. तिन्ही वर्षं फरक शून्य. ताई, मनापासून आभार. शेजारी दोन रकाने घ्यायची युक्ती आता फाइलमध्ये कायमची ठेवतो.

एक शंका. तिसऱ्या वर्षी शून्याच्या जागी 5.68E-14 असं काहीतरी दिसतंय. ते काय?

---

अनुजा_क

तो एक्सेलच्या दशांश गणिताचा उरलेला कण आहे, चूक नव्हे. तपासणीची ओळ अशी लिहा म्हणजे दिसणार नाही:

```
=ROUND(SUM(BS!D5:D8)-SUM(BS!D12:D16),2)
```

आकडे लाखांत असताना दोन दशांश म्हणजे हजार रुपयांपर्यंत तपासणी झाली, तेवढी पुरते. ROUND(…,0) करू नका. त्यात ४० हजारांचा खरा फरकही गिळला जातो. आणि तपासणी प्रत्येक वर्षाच्या रकान्यात ठेवा, एकच एकत्र बेरीज नको. एका वर्षी अधिक ४ आणि दुसऱ्या वर्षी उणे ४ असं झालं तर एकत्र बेरीज शून्य दाखवते.

---

रेडी_बंदर

धागा वाचतेय. माझंही असंच काहीतरी आहे, म्हणून विचारते. वेंगुर्ल्याजवळ काजू प्रक्रियेचं युनिट सुरू केलंय, पीएमईजीपीतून. प्रकल्प २० लाखांचा. माझे १ लाख, बँकेचं कर्ज १९ लाख आणि ग्रामीण भागातली महिला म्हणून ३५ टक्के सबसिडी, ७ लाख. माझा ताळेबंद जुळत नाही असं नाही, तो छान जुळतो. पण शीटमध्ये वर्षाअखेर साडेआठ लाख रोकड दिसते आणि खात्यात प्रत्यक्ष जेमतेम दीड लाख असतात. काजू बी खरेदीला पैसे कमी पडतात. जुळलेलं असूनही असं कसं?

---

पासबुक

रेडीताई, तुमचा प्रश्न या धाग्याच्या विषयाच्या आतलाच आहे. पीएमईजीपीची सबसिडी तुमच्या चालू खात्यात येत नाही. ती तुमच्या नावाने तीन वर्षांसाठी मुदत ठेवीत पडते. त्या ठेवीवर तुम्हाला व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षांनी, सगळं नीट चाललं असेल तर, ती कर्जात वळती होते.

तुमच्या शीटमध्ये ७ लाख रोकड म्हणून आत आले असणार आणि पलीकडे भांडवलात किंवा निधीत ७ लाख. दोन्ही बाजू सारख्या वाढल्या, म्हणून जुळतं. पण ते पैसे खर्चायला नाहीत. ठेव ही रोकडीपासून वेगळी ओळ करा आणि तिला कॅश फ्लोमधून फिरवू नका. व्याज १९ वर नाही, १२ वर धरा. हेही बघा, नाहीतर नफाही कमी दिसेल. चौथ्या वर्षी ठेव ७ ने कमी, कर्ज ७ ने कमी. त्यातही रोकड हलत नाही.

---

रेडी_बंदर

साडेआठातून सात गेले की दीडच उरतात. कळलं. आणि व्याज खरोखरच १९ वर धरलं होतं.

पण मग पलीकडचे ७ लाख कुठल्या ओळीत ठेवायचे? आमच्या सीएंनी राखीव निधीत टाकलेत. माझा भाऊ सातारला अकाउंटंट आहे, तो म्हणतो मशिनच्या किमतीतून वजा करा.

---

सुमित_बीकेसी

भावाचं बरोबर आहे. विशिष्ट मशिनरीसाठी मिळालेलं अनुदान असेल तर लेखा मानक १२ मध्ये दोनच वाटा आहेत. एक, किमतीतून वजा. दोन, पुढे ढकललेलं उत्पन्न म्हणून ठेवून मशिनच्या आयुष्यभर थोडंथोडं नफ्यात घेणं.

---

पासबुक

पण त्याच मानकात प्रवर्तकाच्या भांडवलाला हातभार म्हणून दिलेलं अनुदान भांडवली राखीव निधीत घ्यायचीही वाट आहे, आणि पीएमईजीपीत या रकमेला मार्जिन मनीच म्हणतात. त्यामुळे त्यांच्या सीएंनी केलंय ते चूक म्हणता येणार नाही. शिवाय तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत ती रक्कम पक्की झालेली नसते, म्हणून काही जण तोवर देणं म्हणूनच दाखवतात. मी तिन्ही प्रकारचे ताळेबंद पाहिले आहेत.

---

सुमित_बीकेसी

मला तरी राखीव निधी पटत नाही. मशिनरीवर पूर्ण किमतीचा घसारा लागतो आणि नफा विनाकारण कमी दिसतो. रेडीताई, काहीही निवडा, पण अंदाजात आणि वर्षाअखेरच्या प्रत्यक्ष ताळेबंदात एकच पद्धत ठेवा.

शिरोली, तुमच्याकडे वळतो. फरक शून्य आला, चांगलं झालं. पण २९ लाख रोकड पडून आणि त्याच वेळी कॅश क्रेडिट ६० लाख उचललेलं? कुठलाही माणूस १० टक्के व्याजाची सीसी तशीच ठेवून चालू खात्यात २९ लाख ठेवणार नाही.

---

शिरोली_शॉप

खरंय, प्रत्यक्षात जमा झालेलं सगळं सीसीतच जातं. शीटमध्ये सीसी ६० वरच ठेवली होती कारण ती कशी हलवायची ते कळलं नाही.

---

अनुजा_क

हाताशी किती रोकड ठेवायची ते ठरवा, समजा १० लाख. त्यावरचं सगळं सीसीत जाईल आणि कमी पडलं तर सीसीतून येईल. आधी कॅश फ्लोमध्ये सीसी सोडून बाकी सगळ्याची बेरीज करा. ती १९ आहे आणि तुमच्याकडे CF!D17 मध्ये असेल असं धरते. मग ताळेबंदातली सीसी:

```
=MAX(0,BS!C15-(BS!C8+CF!D17-10))
```

म्हणजे ६० वजा १९, सीसी ४१. कॅश फ्लोमध्ये सीसीची ओळ या वर्षाची वजा मागच्या वर्षाची, उणे १९. रोकड १० राहते. दोन्ही बाजूंनी १९ कमी झाले, ३८८ ला ३८८. रोकड मात्र अजूनही कॅश फ्लोच्या शेवटच्या ओळीतूनच यायला हवी. ताळेबंदात थेट १० लिहू नका, नाहीतर तपासणीला काही अर्थ उरणार नाही.

शेजारी मंजूर मर्यादा ठेवा. सूत्रातून सीसी मर्यादेच्या वर गेली तर लाल दिसू दे, पण सूत्रातच मर्यादा घालून ती अडवू नका. तुटवडा आहे हे दिसणंच तर हवं आहे.

---

शिरोली_शॉप

केलं, ३८८ जुळलं. पण व्याजाचा फॉर्म्युला सीसीच्या सरासरीवर बदलल्याबरोबर एक्सेल चक्राकार संदर्भाची सूचना देतंय.

---

सुमित_बीकेसी

ते होणारच. सीसीवरून व्याज, व्याजावरून नफा, नफ्यावरून रोकड, रोकडीवरून सीसी. फाइल, ऑप्शन्स, फॉर्म्युलाज, तिथे Enable iterative calculation वर टिक करा. काही फेऱ्यांत आकडा स्थिरावतो. सरासरीवरचं व्याजच वास्तवाला धरून आहे.

---

अनुजा_क

इथे माझं सुमितशी जमत नाही. ती टिक त्या संगणकावर त्या वेळी उघडलेल्या फाइलींना लागते. बँकेत दुसरी फाइल आधी उघडी असेल तर तुमच्या फाइलला तिचीच सेटिंग मिळते आणि समोर सूचना येते. त्याहून वाईट म्हणजे चक्रात एकदा `#REF!` किंवा `#VALUE!` शिरलं की ते फिरतच राहतं, मूळ कारण दुरुस्त केलं तरी जात नाही. आणि टिक केलेली असताना चुकून झालेलं दुसरं चक्रही एक्सेल मुकाट्याने चालवून घेतं.

सुरुवातीच्या शिलकेवर व्याज धरा. तुमच्याकडे फरक किती पडतो बघा: सुरुवातीला ६०, सरासरी साडेपन्नास. साडेनऊ लाखांवर १० टक्के म्हणजे ९५ हजार. ४८ लाखांच्या करपूर्व नफ्यात ९५ हजार जास्त खर्च दाखवला तर तुमचंच चित्र सावध दिसतं.

---

सुमित_बीकेसी

इथे ९५ हजार आहेत, म्हणून सोपं वाटतंय. सीसी वर्षभरात दुप्पट होणाऱ्या धंद्यात सुरुवातीच्या शिलकेवर धरलं तर व्याज खूपच कमी दिसेल आणि ते सावध चित्र राहणार नाही. `#REF!` साठी उपाय आहे. एका सेलमध्ये १ किंवा ० ठेवा आणि व्याजाचं सूत्र IF मध्ये घाला, म्हणजे सेल १ असेल तरच ते चालेल, नाहीतर व्याज ०. अडकलं की ० करा, साफ झालं की परत १. दिवसभर असली मॉडेल चालवतो, चालतात.

---

अनुजा_क

वाढत्या सीसीचा मुद्दा मान्य. शिरोलीच्या फाइलीत तरी मी चक्र घालणार नाही.

---

दत्ता७२

मला एक विचारायचंय. आता सगळं शून्य आहे. याचा अर्थ आकडे बरोबर आहेत असं धरायचं का?

---

अनुजा_क

नाही काका. दुवे बरोबर आहेत, एवढाच त्याचा अर्थ. येण्यांचंच घ्या. शिरोली, गिऱ्हाइकाकडून पैसे यायला किती दिवस धरले?

---

शिरोली_शॉप

विक्रीवर ६४ दिवस. ६०० गुणिले ६४ भागिले ३६५, १०५. गिऱ्हाईक खरं तर चोपन्न-पंचावन्न दिवसांत देतं, पण ५४ टाकले की ८९ येतात आणि ते मागच्या ९० शी विसंगत वाटलं, म्हणून ६४ केले.

---

अनुजा_क

गिऱ्हाइकाचे ५४ दिवस बरोबरच आहेत. तुमच्या विक्रीत जीएसटी नाही, पण येण्यांत आहे, कारण बिल १८ टक्के जीएसटीसह जातं. ६०० चे ७०८ होतात, आणि ७०८ वर ५४ दिवस म्हणजे १०५. तुमचा आकडा बरोबर आलाय, पण दिवस खोटे आहेत. उद्या बँकेने विचारलं की ६४ दिवस का, तर सांगाल काय? आणि ५४ तसेच ठेवले असते तर येणी १६ लाखांनी कमी, सीसी १६ लाखांनी कमी, आणि ताळेबंद तरीही शून्याला शून्य जुळला असता.

देण्यांचंही असंच बघा, कास्टिंगच्या बिलातही जीएसटी असतो.

आता एक ताण देऊन बघा. दिवस ५४ चे ८४ करा. येणी साधारण ५८ लाखांनी वाढायला हवीत, सीसी तेवढीच वर जायला हवी, नफा पहिल्या वर्षी जागचा हलायला नको आणि तपासणी शून्य राहायला हवी. यातलं एक जरी झालं नाही तर कुठेतरी फॉर्म्युल्याच्या जागी छापील आकडा बसलाय.

---

शिरोली_शॉप

केलं. येणी १०५ ची १६३ झाली, सीसी ४१ ची ९९, तपासणी शून्य, पहिल्या वर्षाचा नफा तोच ३६. दुसऱ्या वर्षी व्याज वाढून नफा घटला. पण आमची सीसीची मर्यादा ७५ आहे, तिथे लाल आलं.

---

पासबुक

ते लाल बघून घाबरू नका, तेवढं फाइलीबरोबर जोडून द्या. गिऱ्हाइकाने महिनाभर जास्त लावला तर २४ लाख कमी पडतील हे तुम्हीच आधी सांगितलंत तर मॅनेजरला बोलायला सोपं जातं.

एक सुचवतो. पहिलं वर्ष महिन्यावार करा. मार्चअखेर सीसी ४१ दिसते, पण मशिनरीचा तुमचा स्वतःचा १५ लाखांचा हिस्सा आणि दिवाळीचा बोनस जवळजवळ आले तर ऑक्टोबरमध्ये ती किती वर जाईल ते वार्षिक शीटमध्ये दिसत नाही.

---

शिरोली_शॉप

काका, महिन्यावार सुरुवात केली, आणि पहिल्याच महिन्यात अडलो. वार्षिक शीटमध्ये कर १२ लाख त्याच वर्षी भरला असं धरलं होतं, म्हणून ताळेबंदात कराची ओळच नाही. महिन्याला १ लाख कर नफ्यातून वजा होतोय, पण आगाऊ कर तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला जातो.

---

अनुजा_क

'देय कर' अशी एक ओळ देण्यांच्या बाजूला वाढवा. दर महिन्याला नफा-तोट्यातला कर तिच्यात मिळेल, भरलेला वजा होईल. कॅश फ्लोमध्ये तिचा बदल देण्यांसारखाच, हा महिना वजा मागचा महिना. १५ जूनपर्यंत १५ टक्के म्हणजे १.८ लाख, सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के म्हणजे ५.४, डिसेंबरपर्यंत ७५ टक्के म्हणजे ९, मार्चमध्ये उरलेले ३. जूनअखेर ओळीत १.२ लाख दिसले पाहिजेत आणि मार्चअखेर शून्य. SUM ची कक्षा D16 वर संपते, नवीन ओळ तिच्या खाली घातलीत तर तपासणीत धरली जाणार नाही. १५ आणि १६ च्या मध्ये घाला.